ड्रायर एक, मागण्या दोन



आज मी पापड कसा लाटायचा ते सांगायला आलेली नाही. ते तुम्हीच मला शिकवाल. आज बोलायचंय ते मागच्या पावसाळ्यात आमच्या गटात झालेल्या एका भांडणाबद्दल. भांडण साधंच होतं, ड्रायरमध्ये आधी काय घालायचं, पापड की सत्त्व? पण त्यातून जो हिशेब शिकायला मिळाला तो दाल-मिल असो, शेवया मशीन असो की शिलाई मशीन असो, सगळीकडे लागतो.

आमचा गट नागलीचे दोन पदार्थ करतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगरपट्ट्यात नागली पिकते, तीच आम्ही घेतो. एक पदार्थ म्हणजे नागलीचा पापड. दुसरा म्हणजे सत्त्व, म्हणजे नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजून दळायची आणि चाळायची. उन्हाळ्यात दोन्ही अंगणात वाळतं. पावसाळ्यात मात्र सगळी भिस्त ड्रायरवर. आमचा ड्रायर विजेवरचा, चोवीस ट्रेचा. लाईट जाते-येते ते धरून दिवसाला आठ तास आणि आठवड्याला सहा दिवस चालतो असं समजा.

आता आकडे सांगते. लक्षात राहावेत म्हणून गोल केले आहेत, तुमच्या गटाचे वेगळे असतील.

एका ट्रेवर पंचवीसेक पापड मावतात. चोवीस ट्रे म्हणजे सहाशे पापड, वजनाने सहा किलो. चार तासांत एक घाणा निघतो, म्हणजे दिवसाला दोन घाणे, बारा किलो पापड. सत्त्वाची गोष्ट वेगळी. पंचवीस किलो नागलीला मोड आणून एकदम पसरता येते, पण ती वाळायला पूर्ण आठ तास घेते. दळून चाळून हातात वीस किलो सत्त्व येतं. म्हणजे ड्रायरच्या एका दिवसात एकतर बारा किलो पापड, नाहीतर वीस किलो सत्त्व.

पापड आम्ही ३०० रुपये किलोने विकतो. त्याला किलोमागे खर्च येतो १८० रुपये. त्यात नागली ५० रुपयांची, तीळ, हिंग, मीठ, पापडखार २५ चा, लाटणावळ ७०, वीज २० आणि पाकीट १५. किलोमागे सुटतात १२० रुपये. सत्त्व २०० रुपये किलो. एका किलोला सव्वा किलो नागली लागते, तिचे साडेबासष्ट, वीज १२, मजुरी १० आणि दळण-पाकिटाचे साडेपंधरा. खर्च शंभर, सुटतात शंभर.

नागली ५० रुपये किलो धरली ती उगीच नाही. २०२५-२६ साठी सरकारचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता, त्याच्या जवळचा आकडा घेतला.

तर आठवड्याची मागणी होती ४८ किलो पापड आणि ६० किलो सत्त्व. पापडाला ड्रायरचे चार दिवस लागतात आणि सत्त्वाला तीन. झाले सात. आठवड्यात आहेत सहा. एक दिवस कमी. भांडण त्या एका दिवसाचं.

आमच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "पापडाला किलोमागे एकशेवीस सुटतात, सत्त्वाला शंभर. आधी पापड पूर्ण करा, उरलं तर सत्त्व." ऐकायला बरोबर वाटतं. मलाही वाटलं. बी.ए. झाले म्हणून काय झालं, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता!

पण बघा, आपल्याला कमी काय पडतंय? गिऱ्हाईक कमी नाही, नागली कमी नाही. कमी पडतोय ड्रायरचा दिवस. मग किलोमागे किती सुटतात हे विचारून उपयोग नाही, ड्रायरच्या दिवसामागे किती सुटतात ते विचारायला हवं. पापडाचे बारा किलो गुणिले १२०, म्हणजे १,४४० रुपये. सत्त्वाचे वीस किलो गुणिले १००, म्हणजे २,००० रुपये. किलोला मागे असलेलं सत्त्व दिवसाला ५६० रुपयांनी पुढे गेलं.

पूर्ण आठवडा मांडून बघितला. आधी पापड केले तर पापडाचे चार दिवस आणि सत्त्वाचे दोन, सुटतात ५,७६० अधिक ४,०००, एकूण ९,७६०. आधी सत्त्व केलं तर सत्त्वाचे तीन आणि पापडाचे तीन, सुटतात ६,००० अधिक ४,३२०, एकूण १०,३२०. पुन्हा तोच ५६० चा फरक. म्हणजे हिशेब बरोबर होता.

इथे आमच्या सचिव ताईंनी शंका काढली, ड्रायरच्या कर्जाचा हप्ता आणि खोलीचं भाडं कुठे धरलं? धरलेलंच नाही, आणि मुद्दाम धरलेलं नाही. पापड करा की सत्त्व करा, हप्ता तेवढाच. जो खर्च दोन्हीकडे सारखाच जाणार, तो निवड करताना मध्ये आणला की घोळ होतो. वर्षाचा नफा-तोटा काढताना तो जरूर वजा करा.

मला वाटलं, झालं, वाद मिटला. पण खरा वाद तिथेच सुरू झाला. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "सत्त्वाला ५६० जास्त सुटतात ते गटाच्या खात्यात. माझी लाटणावळ बुडाली ती कुणाच्या खात्यात?"

मी गप्प झाले. कारण पापडाचा एक दिवस कमी केला की बारा किलोची लाटणावळ जाते. बारा गुणिले सत्तर, ८४० रुपये. ते आम्ही खर्च म्हणून लिहिले होते, पण ते बाहेर कुठे जात नव्हते, आमच्याच सभासदांच्या घरी जात होते. सत्त्वाच्या दिवसाला मजुरी फक्त २०० रुपये. म्हणजे मजुरी धरून घरात आणि गटात मिळून काय राहतं ते बघितलं तर पापडाच्या दिवसाला १,४४० अधिक ८४०, म्हणजे २,२८०. सत्त्वाच्या दिवसाला २,००० अधिक २००, म्हणजे २,२००. पारडं परत फिरलं! ऐंशी रुपयांनी का होईना, पापड पुढे.

मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी लिज्जत पापड सुरू केला, तिथेही भगिनी लाटलेल्या किलोवर लाटणावळ घेतात आणि नफ्यातही वाटा घेतात. आपल्यासारख्यांच्या धंद्यात मजुरी आणि नफा हे एकाच घराचे दोन दरवाजे असतात. कंपनीचा हिशेब जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही.

मग कोणता हिशेब खरा? माझं मत असं, की लाटणाऱ्या बाईला त्या दिवशी दुसरं काम आहे का, यावर ते ठरतं. जुलैमध्ये भात-नागलीच्या लावणीला बायका मिळत नाहीत. तेव्हा मावशीला रोज शेतात मिळतोच, पापड नाही लाटला तर तिचं नुकसान नाही. तेव्हा लाटणावळ हा खराच खर्च, आणि सत्त्व पुढे. लावणी उरकली, ऑगस्ट लागला, हाताला काम नाही, तेव्हा ती लाटणावळ म्हणजे घरात येणारा पैसा, आणि पापड पुढे. आम्ही तसंच ठरवलं. लावणी होईपर्यंत आधी सत्त्व, मग आधी पापड. ऐंशी रुपयांसाठी नव्हे, मावशीच्या ८४० साठी. एक मात्र आधी बघायचं, शब्द दिलेली ऑर्डर. ज्या दुकानदाराला पापड कबूल केले होते त्याचे दहा किलो आम्ही दोन्ही वेळा बाजूला काढले आणि उरलेल्या दिवसांचा हिशेब केला.

शेजारच्या गावात एक ड्रायर रिकामा होता. लावणीच्या दिवसांत तो एक दिवस भाड्याने घ्यायला किती परवडतं? सत्त्वाची मागणी पूर्ण झालेली, म्हणजे त्या दिवशी पापडच होणार. वीज वगैरे खर्च धरून १,४४० सुटतात. म्हणून भाडं आणि रिक्षा मिळून १,४४० च्या आत असेल तर घ्यायचं. आम्हाला आठशेत पडला, घेतला.

गणपतीनंतर ऊन पडलं आणि चित्रच बदललं. पापड अंगणात वाळू लागले, ड्रायर दिवसभर मोकळा. पण नागली संपत आली. नवीन पीक दिवाळीच्या सुमारास येणार. एका आठवड्याला फक्त नव्वद किलो नागली हाताशी, आणि मागणी पूर्ण करायला लागतात ४८ अधिक ७५, म्हणजे १२३ किलो. आता कमी पडतेय नागली, म्हणून नागलीच्या किलोमागे बघायचं. पापडाला किलोला किलो लागते, १२० सुटतात. सत्त्वाला सव्वा किलो लागते, शंभर भागिले सव्वा, ८० सुटतात. आता मजुरी धरा की सोडा, पापडच पुढे. उन्हात वाळवल्याने वीज वाचली ती वेगळीच. आधी ४८ किलो पापड आणि उरलेल्या ४२ किलोचं सत्त्व केलं तर सुटतात ९,१२०. उलटं केलं असतं तर ७,८००. तेच पदार्थ, तेच भाव, फक्त कमी पडणारी वस्तू बदलली.

कमी काय पडतंय हे ओळखायचं कसं, असं मला दोन-तीन गटांनी विचारलं. वाट कोण बघतंय ते बघा. लाटलेले पापड ड्रायरसमोर चादरीवर पडून आहेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर बुरशीचे ठिपके दिसतात, किंवा मोड आलेली नागली फडक्यातच राहून आंबूस वास येतो आणि मुळं लांबतात, तर ड्रायर कमी पडतोय. ड्रायर रिकामा आणि बायका बसून, तर बहुतेक नागली कमी पडतेय. आणि तयार पाकिटांची थप्पी कपाटात वाढत असेल, तर कमी पडतंय गिऱ्हाईक. तेव्हा यातला कुठलाच हिशेब कामाचा नाही, बाजारात जावं लागतं.

कधीकधी ड्रायर आणि नागली दोन्ही एकदमच कमी पडतात. तेव्हा एका भागाकाराने उत्तर निघत नाही. पापडाचे किती दिवस, सत्त्वाचे किती, अशा चार-पाच जोड्या वहीत मांडायच्या, नागली पुरत नाही ती जोडी खोडायची, आणि उरलेल्यांत जास्त सुटतात ती घ्यायची. पाटीवर अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्या मावशींनी आता वहीत एक रकाना वाढवून घेतलाय, "लाटणावळ कोणाच्या घरी". दर सोमवारी मीटिंगला तो आधी वाचला जातो.