फेअरट्रेड, डायरेक्ट ट्रेड: कॉफीच्या पाकिटावरचे शिक्के शेतकऱ्याला नेमकं काय देतात?

आज कॉफीच्या पाकिटावरच्या शिक्क्यांबद्दल बोलू. एका पाकिटावर फेअरट्रेडचा गोल असतो, दुसऱ्यावर रेनफॉरेस्ट अलायन्सचा बेडूक, तिसऱ्यावर नुसतंच लिहिलेलं असतं ‘डायरेक्ट ट्रेड’. तिन्ही बघून आपल्या डोक्यात एकच येतं, की शेतकऱ्याला चांगले पैसे मिळाले असणार. पण तिघांचं म्हणणं वेगवेगळं आहे. बेडकाचं आधीच सांगून टाकतो. तो मुख्यतः शेती कशी केली, झाडं, पाणी, मजुरांची वागणूक याबद्दल बोलतो. खरेदीदाराने बाजारभावाच्या वर काहीतरी द्यायचं असतं, पण कॉफीला त्यात ठरलेला किमान भाव नाही.

किमान भाव आहे तो फेअरट्रेडमध्ये. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हमीभाव. फरक एवढाच, की तो सरकार देत नाही, शिक्का वापरणारा खरेदीदार देतो. सुरुवात झाली १९८८ मध्ये. मेक्सिकोतल्या ओहाका भागातल्या लहान शेतकऱ्यांच्या संघाची कॉफी नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ या शिक्क्याखाली विकायला लागले. पुढच्याच वर्षी कॉफी निर्यातीचा कोटा ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि भाव कोसळले. त्यामुळे हमीभावाची कल्पना तिथल्या शेतकऱ्याला लगेच पटण्यासारखी होती.

आता आकडे बघू, थोडेच आहेत. धुऊन सुकवलेल्या अरेबिका कॉफीला फेअरट्रेडचा किमान भाव २०११ पासून पौंडाला १ डॉलर ४० सेंट होता. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. ऑगस्ट २०२३ पासून तो १ डॉलर ८० सेंट झाला. याच्यावर २० सेंट प्रीमियम, जो संस्थेच्या सभासदांनी मिळून कशावर खर्च करायचा ते ठरवायचं. बाजार किमान भावाच्या वर गेला तर बाजारभाव द्यायचा, आणि प्रीमियम तरीही द्यायचाच.

ऐकायला मस्त वाटतं ना? पण हा भाव कुठे मोजतात ते बघा. तो शेताच्या बांधावरचा भाव नाही. बहुतेक वेळा तो बंदरात जहाजावर माल चढवलेला असतानाचा भाव असतो. याला एफओबी म्हणतात. आणि तो मिळतो सहकारी संस्थेला. त्यातून संस्था वाळवलेल्या बियांचं टरफल काढण्याचा खर्च, निवड, पोती, बंदरापर्यंतची वाहतूक, कर्जाचं व्याज आणि शिक्क्याच्या तपासणीची वार्षिक फी वजा करते. उरेल ते शेतकऱ्याला. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. एफआरपी जाहीर होते एक, आणि तोडणी-वाहतूक कापून खात्यात येते भलतीच.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. शिक्का मिळाला म्हणजे संस्थेचा सगळा माल फेअरट्रेड म्हणून विकला जातो असं नाही. विकला जातो तेवढा, जेवढ्याला तसा खरेदीदार मिळेल. बाकीचा, शेत तेच, शेतकरी तोच, पण साध्या बाजारात जातो.

एक हिशोब करू. २०१९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा भाव पौंडाला एक डॉलरच्या खाली गेला होता. सोयीसाठी एक डॉलर धरू. समजा एका संस्थेकडे दहा पोती आहेत आणि त्यातल्या तीनच पोत्यांना फेअरट्रेडचा खरेदीदार मिळाला. त्या तीन पोत्यांना पौंडामागे १.४० अधिक ०.२० म्हणजे १.६० डॉलर. उरलेल्या सातांना १ डॉलर. सरासरी काढा: १ डॉलर १८ सेंट. पाकिटावर वाचणाऱ्याला वाटतं ६० सेंट जास्त मिळाले, संस्थेच्या हातात आले १८. त्यातून वर सांगितलेला खर्च जायचाय. अठरा सेंट म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. एवढ्या पडलेल्या बाजारात शेतकरी बाग ठेवतो की तोडतो, हे अशाच फरकावर ठरतं. पण ते साठ नाहीत.

यातून अजून एक भानगड होते. किमान भाव चांगल्या आणि बऱ्या मालाला सारखाच. मग संस्था काय करेल? ज्या पोत्यांना चवीवर जास्त पैसे मिळू शकतात ती ती दुसरीकडे विकेल, आणि साधा माल शिक्क्याखाली देईल. यात लबाडी नाही, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

आणि बाजार चढला की? २०२५ च्या सुरुवातीला भाव ४ डॉलरच्या वर गेला. तिथे १.८० चा हमीभाव नुसता कागदावर राहतो. उलट संस्थेची पंचाईत होते. तिने आधीच कमी भावाने सौदा केलेला असेल आणि व्यापारी रोख पैसे घेऊन थेट शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला, तर माल तिकडे जातो. २०२१ मध्ये कोलंबियात असंच झालं. ठरलेला माल पोचलाच नाही आणि संस्था अडचणीत आल्या. म्हणून फेअरट्रेडचा शिक्का म्हणजे पडत्या बाजारातला विमा समजा. विम्याचा उपयोग दरवर्षी होत नाही. त्यातलं एक कलम मात्र मला खरंच आवडतं: संस्थेने मागितलं तर खरेदीदाराने सौद्याच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ मिळवून द्यायची. सुगीच्या तोंडावर रोख रक्कम हातात असणं काय असतं, हे सावकाराकडे गेलेल्याला विचारा.

आता डायरेक्ट ट्रेड. हा शब्द २००० नंतर अमेरिकेतल्या इंटेलिजेन्सिया, काउंटर कल्चर, स्टम्पटाउन अशा रोस्टर कंपन्यांनी रूढ केला. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही स्वतः शेतावर जातो, चव बघतो आणि फेअरट्रेडपेक्षा जास्त देतो. इंटेलिजेन्सियाने तर निदान २५ टक्के जास्त, असा नियमच ठेवला होता. अडचण अशी, की या शब्दाचा मालक कोणी नाही. फेअरट्रेड न पाळता शिक्का लावला तर कारवाई होते. ‘डायरेक्ट ट्रेड’ उद्या मी पण पाकिटावर छापू शकतो. हे खरेदीदाराने स्वतःबद्दल दिलेलं वचन आहे. काही जण ते मनापासून पाळतात, आणि ते ओळखताही येतं. ते भाव छापतात. काउंटर कल्चर दरवर्षी कोणाकडून किती घेतलं आणि एफओबी काय दिला याचा अहवाल काढते. ‘शेतकऱ्याशी नातं’ असं लिहिणारे आणि एकही आकडा न देणारे, यांच्यापासून जरा सावध.

आता आपल्याकडचं. पुण्या-मुंबईत मिळणाऱ्या पाकिटांवर बऱ्याचदा चिकमगळूर किंवा कोडगूतल्या एखाद्या इस्टेटचं नाव असतं. त्यावर फेअरट्रेडचा गोल दिसला नाही म्हणून नाक मुरडू नका. आंतरराष्ट्रीय फेअरट्रेडचा कॉफीचा नियम फक्त लहान शेतकऱ्यांच्या संघटनांसाठी आहे, मोठ्या इस्टेटला तो मिळूच शकत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतली फेअर ट्रेड यूएसए वेगळी झाली, त्यातला एक मोठा वाद इस्टेटना घ्यायचं की नाही हाच होता.

पण इस्टेटचं पाकीट ‘डायरेक्ट’ म्हणतं तेव्हा पैसे पोचतात मालकापर्यंत. कॉफीची फळं हाताने खुडणाऱ्या बाईला किलोमागे किती मिळाले, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. रोस्टरला मेसेज करून विचारायचंच असेल तर तीन प्रश्न पुरेत: भाव किती दिला, तो शेतावरचा की बंदरावरचा, आणि त्याच शेतकऱ्याकडून गेल्या वर्षीही माल घेतला होता का. इस्टेट असेल तर चौथा, खुडणीच्या मजुरीचा. बहुतेकांकडून पहिल्याचंच उत्तर येत नाही.