टायपिंगचा वेग कुठे अडकतो? अभ्यासासोबत रोजचा अर्धा तास

आज बोलूया एसएससीच्या सीएचएसएल परीक्षेतल्या टायपिंगबद्दल. क्लार्कच्या पदासाठी इंग्रजीत मिनिटाला ३५ शब्द लागतात. इथे पाच की म्हणजे एक शब्द. टेस्ट दहा मिनिटांची, म्हणजे साधारण १७५० की.

माझी मावसबहीण मागच्या वेळी लेखी परीक्षेत चांगले मार्क असूनही टायपिंगला अडकली. ती म्हणाली, "दादा, बोटं पळतच नाहीत रे." मी एक छोटा प्रोग्राम लिहून तिने दाबलेली प्रत्येक की मोजली. दहा मिनिटांत तिने १९०० की दाबल्या होत्या! म्हणजे बोटं पळत होती. पण त्यातल्या ९० चुकीच्या होत्या आणि त्या पुसायला ९० वेळा बॅकस्पेस. १८० की वाया गेल्या, मजकूर उरला १७२० कींचा. फक्त ३० कींनी राहिलं. तेवढ्याच वेगात चुका ३० वर आल्या असत्या, तर १८४० झाल्या असत्या. म्हणजे तिला वेग नाही, अचूकपणा वाढवायचा होता.

मग वेळापत्रक बसवलं. टायपिंगचे मार्क मेरिटमध्ये धरले जात नाहीत, फक्त पास व्हावं लागतं. त्यामुळे त्याला दोन-दोन तास देणं परवडत नाही. तो वेळ गणित आणि जीएसचा. पण लेखीच्या निकालाची वाट बघून सुरुवात केली तरी उशीर होतो, कारण बोटांची सवय थोड्या दिवसांत बदलत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज अर्धाच तास.

सकाळी अभ्यासाला बसण्याआधी पंधरा मिनिटं मुद्दाम सावकाश टायपिंग. फक्त काल चुकलेले शब्द. तिचे बहुतेक b आणि n असलेले होते, कारण दोन्हीला ती एकच बोट वापरायची. संध्याकाळी, अभ्यासाने डोकं थकल्यावर, दहा मिनिटांचा एक पूर्ण उतारा आणि पाच मिनिटं चुकांची यादी. उतारा इंग्रजीच्या कॉम्प्रिहेन्शनमधलाच घ्यायचा, म्हणजे वाचनही होतं.

वेग वाढवायचा नियम एकच होता. सलग तीन दिवस चुकीच्या की ३० च्या आत आल्या, तरच मिनिटाला दोन शब्द वाढवायचे. चुका वाढल्या की परत खाली यायचं. पहिले पंधरा दिवस तिचा वेग उलट कमी झाला आणि ती वैतागली. ते होणारच, कारण जुनं बोट सुटत असतं.

लेखीच्या आधीच्या महिन्यात सकाळचा भाग बंद केला, संध्याकाळचा उतारा चालू ठेवला. आणि हो, सराव डेस्कटॉपच्या कीबोर्डवरच करा. मोबाइलवर दोन अंगठ्यांनी केलेला सराव तिथे कामाला येत नाही.

आज रात्री एक उतारा टाइप करा आणि बॅकस्पेस किती वेळा दाबलं ते मोजा. भेटू पुढच्या भागात!