मनात लावलेला स्टॉप

२१ जून २०१७. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचे साडेबारा वाजले होते, आपल्याकडे रात्रीचा एक. जीडीएएक्स या क्रिप्टो-एक्स्चेंजवर कोणीतरी काही दशलक्ष डॉलरचे इथर मिळेल त्या भावाने विकायला काढले. भाव ३१७.८१ डॉलरवरून २२४.४८ वर आला. त्यापुढची घसरण घडवली ती इतरांच्याच सुमारे ८०० स्टॉप-लॉस ऑर्डरींनी आणि मार्जिनवाल्यांच्या सक्तीच्या विक्रीने. काही सौदे चक्क १० सेंटला झाले आणि थोड्याच वेळात भाव पुन्हा वर आला. चार्टवर उरली ती कँडलची एक लांबलचक वात, म्हणजे ‘विक’.

समजा, एकाने ३०० डॉलरला स्टॉप-मार्केट लावला होता. त्याची समजूत अशी, की आपला माल ३०० ला विकला जाईल. पण ३०० हा फक्त घोडा दाबला जाण्याचा भाव. त्यानंतर ऑर्डर समोर जो खरेदीदार असेल त्याच्या गळ्यात पडते, आणि त्या क्षणी खरेदीदारांची रांग विरळ झालेली असते. विक्री नक्की होते, भाव मात्र कोणताही मिळतो.

दुसऱ्याने स्टॉप ३०० आणि लिमिट २९० असा स्टॉप-लिमिट लावला. भाव २९० च्या खाली निसटला, तर त्याची ऑर्डर पाटी लावून बसून राहते. भाव परतला तर ती २९० ला सुटते. त्या रात्री ती बहुधा सुटली असती.

पण दरवेळी भाव परततोच असे नाही. १२ मार्च २०२० ला बिटकॉइन ७,९०० डॉलरच्या आसपासून दिवसभरात ५,००० च्याही खाली गेला. त्या दिवशी ज्याची ७,२०० ची लिमिट निसटली, त्याला मार्च संपेपर्यंत तो भाव दिसला नाही. तेव्हा स्टॉप आणि लिमिट यांत ऐसपैस अंतर ठेवणे हाच त्यातल्या त्यात बरा तोडगा. तोही हमी देत नाही.

तिसरा गडी सर्वांत हुशार. “तीनशेला आला की विकतो,” असे तो मनाशी ठरवतो. एक्स्चेंजला त्याच्या मनातले ठाऊक नसते. रात्री एकला तो झोपलेला असतो. जागा असला तरी फोन उघडून, भाव पाहून, बटण दाबेपर्यंत वात ओढली गेलेली असते. गर्दीच्या वेळी ॲपही अडते. आणि सगळे जमलेच, तर २६० चा भाव पाहून तो म्हणतो, “आता एवढ्यात कुठे विकायचे? जरा वर येऊ दे.”

गंमत म्हणजे २०१७ च्या त्या रात्री यानेच काही गमावले नाही. सकाळी भाव जवळपास जागेवर पाहून तो आपल्या संयमावर खूश झाला असणार, आणि मार्च २०२० मध्ये हीच खुशी त्याला महागात पडली असणार.

जीडीएएक्सने झालेले सौदे रद्द केले नाहीत. ज्यांचे नुकसान झाले त्यांना कंपनीने स्वतःच्या खिशातून भरपाई देऊ केली. तसे करण्याचे बंधन तिच्यावर नव्हते.