शेवटचा डोस

रहस्यकथा शेवटाकडून कशी रचतात, ते एका बाटलीवरून सांगतो. खुनी कोण, ते मात्र सांगणार नाही. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखोलीत काम करत. त्यांची पहिली कादंबरी 1920 साली आली. तिचे उत्तर असे: स्ट्रिक्नीनच्या टॉनिकात ब्रोमाइड टाकले की विष तळाशी बसते आणि शेवटच्या डोसात सगळे पोटात जाते. (स्ट्रिक्नीन म्हणजे काजऱ्याच्या बीतले विष, आमचे नक्स व्होमिका त्याच बीचे.)

आता उलटे चला. शेवटचा डोस घातक, म्हणजे बाटली त्याच रात्री संपायला हवी. ब्रोमाइड हवे, म्हणून झोपेच्या पुड्यांची रिकामी डबी घरात सापडते. दोन्ही गोष्टी वाचकासमोर येतात, पण त्याचे लक्ष कॉफी आणि कोकोवर खिळवलेले असते. ही हूल पोकळ नाही. कोकोत विष नसते, पण गुंगीचे औषध असते आणि त्यामुळेच झटके पहाटेपर्यंत लांबतात.

माझी तक्रार एकच. ब्रोमाइडचा हा गुण साध्या वाचकाला कुठून ठाऊक असणार? मी असतो, तर पहिल्याच प्रकरणात बाटलीवर ‘हलवून घ्या’ अशी चिठ्ठी चिकटवली असती.