२०४ चे २४ का होतात?



प्राथमिक गणित शिकवणाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने साऱ्या विषयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती आज बाजूला ठेवून मी पाचवीच्या वर्गातल्या एकाच उदाहरणाबद्दल बोलणार आहे. ३६७२ भागिले १८.

याचे उत्तर २०४. पण वह्या तपासताना २४ हे उत्तर आपण सर्वांनीच पाहिले आहे. ते कसे येते हे मुलाला मोठ्याने सोडवायला लावले की ऐकू येते. ‘तिनात अठराचा भाग जात नाही, म्हणून छत्तीस घेतले. अठरा दुणे छत्तीस, बाकी शून्य. सात खाली घेतला. सातात अठराचा भाग जात नाही, म्हणून दोन खाली घेतला. अठरा चोक बहात्तर. उत्तर चोवीस.’ पाढा बरोबर आहे, वजाबाकी बरोबर आहे, अंकही क्रमाने खाली आले आहेत. आपण लाल शाईने फुली मारतो आणि शेजारी लिहितो, ‘शून्य विसरलास.’

माझे म्हणणे असे की हे मूल काहीही विसरलेले नाही. त्याचे बोलणे पुन्हा ऐका. ‘भाग जात नाही, म्हणून पुढचा अंक घेतला’ हे वाक्य त्याने दोनदा म्हटले आहे. पहिल्या वेळी, तिनाच्या बाबतीत, आपण ते बरोबर मानतो. तिथे आपणही शून्य लिहीत नाही. दुसऱ्या वेळी, साताच्या बाबतीत, तेच वाक्य आपण चूक ठरवतो. मुलाने आपण शिकवलेला नियम जसाच्या तसा पुढे नेला आहे. आरंभीचे शून्य लिहिले नाही तरी चालते आणि मधले लिहावेच लागते, हा फरक त्याला कोणी दाखवलेला नसतो.

मुलांच्या चुका अशा नियमाने होतात, हे नवे नाही. ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या चुका अशाच उलगडून दाखवल्या होत्या. मूल मनात एक चुकीची पण ठाम रीत धरून चालते, आणि ती रीत कळली की ते पुढच्या उदाहरणात काय उत्तर देईल हे बऱ्याचदा आधीच सांगता येते. २४ लिहिणाऱ्या मुलाला ५४३५ भागिले २७ देऊन पाहा. खरे उत्तर २०१, बाकी ८. ते २१, बाकी ८ असे लिहील.

मग शिकवायचे कसे? वरचे चुकलेले उदाहरण सर्व पायऱ्यांसह फळ्यावर लिहावे आणि त्याच्या शेजारी २०४ चे बरोबर उदाहरण. चुकलेले उदाहरण आपण स्वतः तयार केलेले असावे. वर्गातल्या कोणाची वही फळ्यावर आणू नये, नाहीतर चर्चा चुकीची न होता मुलाची होते. मग ‘कोठे चुकले?’ एवढ्यावर थांबू नये. तो प्रश्न मुले पाहता पाहता सोडवतात, कारण दोन्ही उदाहरणे समोरच असतात. खरा प्रश्न पुढचा आहे. असे सोडवणाऱ्याने मनात काय म्हटले असेल? आणि ते तिनापाशी चालले, मग सातापाशी का चालले नाही?

याचे उत्तर स्थानिक किमतीत आहे, आणि ते खेळण्यातल्या नोटांनी चांगले दिसते. ३६७२ रुपये १८ जणांना वाटायचे आहेत. हजाराच्या ३ नोटा १८ जणांत वाटता येत नाहीत. त्या मोडून शंभराच्या ३० नोटा झाल्या, जवळच्या ६ मिळून ३६. प्रत्येकाला शंभराच्या २ मिळाल्या. आता दहाच्या ७ नोटा आहेत. १८ जणांना दहाची एकेक नोटही पुरत नाही. म्हणजे प्रत्येकाच्या हाती दहाच्या किती नोटा आल्या? एकही नाही. ते ‘एकही नाही’ दशकाच्या घरात लिहायचे, तेच हे शून्य. सात नोटा मोडून ७० रुपये, वरचे २ मिळून ७२, प्रत्येकी ४. हजाराची नोटही कोणाला मिळाली नव्हती, पण २०४ च्या आधी रिकामे घर राहिले तरी संख्या बदलत नाही. शतक आणि एकक यांच्या मधले घर गेले की दोनशेचे वीस होतात.

मांडणीचाही यात वाटा आहे. भागाकार उजवीकडे कंसाबाहेर लिहिला की २ आणि ४ शेजारी बसतात आणि काहीच चुकल्यासारखे दिसत नाही. तोच भाज्याच्या डोक्यावर, ज्या अंकापर्यंत आलो त्याच्या बरोबर वर लिहिला, तर ७ च्या वरची मोकळी जागा डोळ्यांना खुपते. पाचवीत तरी चौकटीच्या वहीत अंक वरच लिहवून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या एका चुकीचा उल्लेख करतो, कारण तिच्यात मुलाचे बरेचसे बरोबर असते. ४३२ भागिले ६. मुलाने ४३ मध्ये सात सक बेचाळीस न घेता सहा सक छत्तीस घेतले. बाकी ७ उरली, म्हणजे भाजकाहून मोठी. तरी २ खाली घेऊन ७२ केले, त्यात ६ चा भाग १२ वेळा लावला आणि उत्तर लिहिले ६१२. आता त्यालाच विचारा, हे ६ कशाचे आणि १२ कशाचे? सहा दशक आणि बारा एकक, म्हणजे ६० आणि १२, म्हणजे ७२. बरोबर उत्तर त्याच्या कामात होते, फक्त एकाच घरात दोन अंक बसवले गेले. ‘बाकी भाजकाहून लहान हवी’ हे पाठ करून घेण्यापेक्षा ही उलगड मुलांच्या अधिक लक्षात राहते, आणि ६१२ हे उत्तर ४३२ पेक्षाच मोठे आहे हेही वर्गातले कोणीतरी बोलून दाखवते.

चुकलेले उदाहरण दाखवण्याच्या या पद्धतीच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. ज्याला बरोबर रीत अजून बसलेली नाही, त्याच्यापुढे चुकीचे उदाहरण पहिल्याच दिवशी ठेवू नये. तो चुकीचेच उचलण्याचा धोका असतो. ग्रोसे आणि रेंकल यांच्या २००७ च्या अभ्यासात, विषयाची तयारी असलेल्यांना चुकलेल्या उदाहरणांचा फायदा झाला. कच्च्या विद्यार्थ्यांसाठी चुकीची जागा ठळक करून देणे उपयोगी ठरले. म्हणून अशा मुलांसाठी चुकलेल्या ओळीला आपणच गोल करावा आणि फक्त कारण विचारावे. अठराचा पाढा तयार नसेल तर भाजक ४ घ्यावा: ८१६ भागिले ४, उत्तर २०४, चुकीचे उत्तर तेच २४. आणि तास संपताना चुकलेले उदाहरण पुसावे, बरोबर ठेवावे.

समजले की नाही हे पाहताना संख्या निवडून घ्याव्या लागतात. ८४८ भागिले ४ कितीही वेळा दिले तरी हा घोटाळा उघड होणार नाही, कारण तिथे शून्य येतच नाही. त्याऐवजी आठवड्याने ४३२६ भागिले १८ द्यावे. इथे शून्य शेवटी येते: २४०, बाकी ६. मधले शून्य नुसते पाठ केलेले मूल इथे पुन्हा २४, बाकी ६ लिहिते. त्याच्याकडून पडताळा करून घ्यावा. १८ गुणिले २४ म्हणजे ४३२, त्यात ६ मिळवले की ४३८. भाज्य होते ४३२६.

माझी आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वेळी भागाकाराच्या वह्या तपासाल, तेव्हा उत्तरे नुसती बरोबर-चूक अशी मोजू नका. एकाच रीतीने चुकलेल्या वह्यांचे गठ्ठे वेगळे लावा, प्रत्येक गठ्ठ्यातल्या एका मुलाला जवळ बसवून उदाहरण मोठ्याने सोडवायला सांगा, आणि त्याचे शेवटचे वाक्य होईपर्यंत त्याला दुरुस्त करू नका.