ऐंशी टक्क्यांची यादी आणि हुपरीची चांदी



हुपरी ही चांदीची नगरी. येथील पैंजण देशभर जातात. परंतु वर्षाअखेरीस वही उघडली की कारखानदारापुढे एक प्रश्न उभा राहतो : कोणता माल ठेवावा आणि कोणता बंद करावा?

याच्या उत्तरासाठी इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरतात. प्रत्येक वस्तूची वार्षिक विक्री काढावी, मोठ्याकडून लहानाकडे मांडावी, खाली उतरताना बेरीज करीत जावे आणि बेरीज एकूण विक्रीच्या ऐंशी टक्क्यांवर पोहोचली की रेघ ओढावी.

उदाहरणादाखल 50 लाखांची विक्री आणि दहा वस्तू धरू. भरीव पैंजण 20 लाख, साखळी पैंजण 12, कमरपट्टे 7. येथवर 78 टक्के झाले. पुढची जोडवी 3 लाखांची. त्यांच्यासह 84 टक्के होतात. म्हणून रेघ ओलांडणारी जोडवीही यादीत येतात. दहापैकी चार वस्तू, म्हणजे चाळीस टक्के. ‘वीस टक्के वस्तू, ऐंशी टक्के विक्री’ हा अटळ नियम नव्हे, हे येथेच दिसते.

खरी फसगत मात्र पुढे आहे. विक्रीच्या रकमेत चांदीची किंमत असते आणि ती कारखानदाराची कमाई नव्हे. त्याची कमाई घडणावळीत आहे. चांदीचा भाव चढला, तर एकही नग अधिक न विकता विक्री फुगते आणि वजनदार माल आपोआप वर सरकतो.

म्हणून तीच यादी घडणावळीवर मांडावी. वरच्या कारखान्यात एकूण घडणावळ 6 लाख धरली. साखळी पैंजण दीड लाख मिळवतात, भरीव पैंजण 1 लाख 20 हजार, कमरपट्टे व जोडवी प्रत्येकी 90 हजार. हे झाले 75 टक्के. रेघ ओलांडण्यास पाचवी वस्तू लागते : बाळाचे वाळे, 60 हजार. विक्रीच्या यादीत 2 लाखांचे वाळे केवळ चार टक्के होते. येथे ते दहा टक्के आहेत. पहिल्या यादीवर विसंबून वाळे बंद केले असते, तर कमाईचा दहावा भाग गेला असता.

आणखी एक खूण ध्यानी ठेवावी. सुटे घुंगरू दोन्ही याद्यांत तळाशी असतील. पण घुंगरांचे काम मोडले, तर पैंजण कशाने वाजणार? जी वस्तू दुसऱ्या वस्तूचा भाग आहे, तिचा हिशेब त्या वस्तूबरोबरच झाला पाहिजे.

जोसेफ जुरान यांनी या पद्धतीस पॅरेटोंचे नाव दिले. उरलेल्या वस्तूंना ते प्रारंभी ‘क्षुल्लक पुष्कळ’ म्हणत. पुढे त्यांनीच ‘उपयुक्त पुष्कळ’ असा शब्द सुधारला. रेघेखालच्या मालावर ज्यांच्या हातांचे काम अवलंबून आहे, त्यांच्यासाठी ही दुरुस्ती मोलाची आहे. रेघ लक्ष कोठे द्यावे ते सांगते; काय मोडावे ते सांगत नाही.