ताळा न केलेलं गणित



मालवणातल्या आमच्या घराच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देतो. पहिल्या वर्षी भाडं ठेवलं १,२०० रुपये. नाश्ता, धुणं, वीज आणि मदतीच्या बाईंचा पगार धरून रात्रीला ६०० खर्च. उरलेले ६०० आपले, असं मी समजत होतो. वर्षअखेर मात्र बायकोच्या पगारातून पैसे घालावे लागले.

मग सरांनी शिकवलेला ताळा आठवला. दोन खोल्यांच्या ७३० रात्रींपैकी भरल्या २००. रंग, कौलं, दुरुस्ती यांचे वर्षाचे लाखभर रुपये त्या २०० रात्रींनीच फेडायचे, म्हणजे रात्रीला ५००. वर बुकिंगच्या साइटचं १८ टक्के कमिशन, २१६ रुपये. प्रत्येक रात्री मी पदरचे ११६ रुपये घालत होतो!

आता दर १,८००. पावसाळ्यात थेट फोन करणाऱ्यांना मात्र १,२००च. तेव्हा कमिशन नसतं, आणि कौलांचा खर्च खोली रिकामी असली तरी चुकत नाही. त्यामुळे ६००च्या वर मिळेल ते कामीच येतं. फोनवरच सांगून टाकतो, किल्ल्याच्या होड्या बंद असतील, वीज जाईल, ताजी मासळी क्वचितच मिळेल. हे ऐकूनही जो येतो, तो कुरकुरत नाही.

सर, उत्तर उशिरा जमलं. रीतीचे गुण तरी द्या!